‘पंपच आहे’ असं लिहिण्याआधी : स्यूडोमोनासमधला इफ्लक्स पंप प्लेटवर कसा तपासायचा

सोलापुरातल्या कॉलेजांमधून मायक्रोबायोलॉजीचे एमएस्सी प्रोजेक्ट वाचायला येतात, त्यांत एक वाक्य हमखास सापडतं : ‘इनहिबिटर टाकल्यावर एमआयसी आठपट घटली, म्हणून या आयसोलेटमधली प्रतिकारशक्ती इफ्लक्स पंपामुळे आहे.’ बहुतेक वेळा प्लेट नीट लावलेली असते आणि आकडेही खरे असतात. चुकतो तो निष्कर्ष, आणि त्याची मुळं बऱ्याचदा प्लेट लावण्याच्या क्रमात असतात. हा लेख त्या एका चाचणीपुरता आहे. जिवाणू स्यूडोमोनास एरुजिनोसा, इनहिबिटर पीएबीएन, म्हणजे फेनिलअलानिन-आर्जिनिन-बीटा-नॅफ्थिलअमाइड, आणि पद्धत ९६ खळग्यांच्या प्लेटवरची ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन.

## आधी हे डोक्यात पक्कं असू द्या

स्यूडोमोनासचा मुख्य पंप तीन भागांचा असतो. मेक्स-बी आतल्या पटलात बसतो, ओपीआर-एम हा बाहेरच्या पटलातून जाणारा नळ, आणि मेक्स-ए या दोघांना जोडून धरतो. ऊर्जा एटीपीची नसते. पटलाच्या बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनच्या दाबावर पंप चालतो. मेक्स-बीच्या पोटातली जागा ऐसपैस आहे, आणि तिला एका ठरावीक रेणूची ओळख नाही. तेलकट स्वभावाचा, पटलात किंवा दोन पटलांच्या मधल्या जागेत रेंगाळणारा रेणू तिला चालतो. म्हणूनच लिव्होफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, मेरोपेनेम, अझ्ट्रिओनाम यांच्यात रचनेचा किंवा काम करण्याच्या जागेचा काही संबंध नसताना एकच पंप ती सगळी बाहेर टाकतो.

पण पंप एकटा पुरत नाही. विहिरीवर मोटर लावली तर पाणी खाली कधी जातं? झरे बारीक असतील तेव्हाच. स्यूडोमोनासचं बाहेरचं पटल म्हणजे हे बारीक झरे. औषध आत झिरपतं इतकं हळू की पंपाला उपसायला वेळ मिळतो. पटल भोकाळलं तर पंप धडधाकट असूनही एमआयसी घसरते. पुढे व्हॅन्कोमायसिनच्या दोन ओळी लावायला सांगणार आहे त्या एवढ्यासाठीच.

दुसरी गोष्ट. हा पंप प्रत्येक स्यूडोमोनासमध्ये जन्मजात चालू असतो. प्रतिकारक आयसोलेटमध्ये तो नव्याने येत नाही, त्याचं उत्पादन वाढतं. मेक्स-आर, नाल-सी किंवा नाल-डी या आवर घालणाऱ्या जीनमध्ये बिघाड झाला की पंप जास्त बनतो. त्यामुळे ‘पंप आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, तो असतोच. विचारायचं असतं ते ‘नेहमीपेक्षा जास्त आहे का, आणि प्रतिकारशक्तीतला किती वाटा त्याचा?’

## टप्पा १ : आयसोलेट निवडणं

हाताला लागेल तो स्यूडोमोनास घेऊ नका. आधी अँटिबायोग्राम समोर ठेवा.

पंपाचं उत्पादन वाढलं की ते ‘सगळ्यांना थोडं थोडं’ असं दिसतं. लिव्होफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन प्रतिकारक किंवा मधल्या वर्गात, अझ्ट्रिओनाम वर सरकलेलं, मेरोपेनेम मधल्या वर्गात, पण इमिपेनेम मात्र संवेदनशील. इमिपेनेम हा इथला मुखबिर आहे, कारण मेक्स-एबी-ओपीआर-एम पंप मेरोपेनेम बाहेर टाकतो, इमिपेनेमला हात लावत नाही. उलट इमिपेनेम प्रतिकारक आणि बाकी औषधं बरी चालतायत असं असेल, तर आधी संशय ओपीआर-डी हे दार बंद झाल्याचा घ्या, कारण इमिपेनेम त्याच दाराने आत येतं. आणि दोन्ही कार्बापेनेम ठणठणीत प्रतिकारक असतील तर पंपाच्या मागे लागण्याआधी कार्बापेनेमेज तपासा.

फक्त फ्लुओरोक्विनोलोन प्रतिकारक, बाकी सगळं संवेदनशील, असा आयसोलेटही एक घ्या. पंपाचं चित्र नसलेला हा आयसोलेट तुलनेला लागतोच. का, ते निष्कर्षाच्या वेळी कळेल.

सोबत कंट्रोल म्हणून स्यूडोमोनास एरुजिनोसा एटीसीसी २७८५३. हा नसेल तर चाचणी लावूच नका.

तपासा : आयसोलेट शुद्ध आहे ना? जखमेच्या पूतून आलेल्या स्यूडोमोनासखाली दुसरा जिवाणू लपलेला असतो, आणि हिरव्या रंगामुळे तो दिसत नाही. एकट्या कॉलनीवरून दोनदा उतरवून मगच पुढे जा.

## टप्पा २ : सामान

ब्रॉथ कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर हिंटनच हवा. साधा म्युलर हिंटन घेऊन त्यात नळाच्या पाण्याने धुतलेली, डिस्टिल्ड वॉटरने न विसळलेली काचेची भांडी वापरलीत तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हिशोब तुमच्या हातात राहत नाही. सोलापुरात बोअरचं पाणी किती जड असतं ते गीझरच्या कॉइलला विचारा. फ्लुओरोक्विनोलोन मॅग्नेशियमला धरून बसतात, त्यामुळे हा फरक थेट एमआयसीत उतरतो.

औषधं शुद्ध पावडरच्या रूपात, पोटेन्सी लिहिलेल्या प्रमाणपत्रासह घ्या. मेडिकलमधली गोळी कुटून स्टॉक करू नका. गोळीत पूरक पदार्थ असतात, ते विरघळत नाहीत, आणि गोळीवरच्या मिलिग्रॅमवरून तुम्ही तोललेल्या चिमटीत औषध किती आलं ते कळत नाही. पोटेन्सी ९५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम असेल तर १० मिलिलिटरमध्ये १,००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक करायला १० नव्हे, १०.५३ मिलिग्रॅम पावडर लागते.

या चाचणीला तीन औषधं घ्या : लिव्होफ्लॉक्सासिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि व्हॅन्कोमायसिन. स्यूडोमोनासवर क्लोरॅम्फेनिकॉल कोणी देत नाही आणि व्हॅन्कोमायसिन तर त्याला लागूच नाही, मग ही का, असं प्रत्येक बॅच विचारते. क्लोरॅम्फेनिकॉल साक्षीदार आहे. ते रायबोसोमवर काम करतं, लिव्होफ्लॉक्सासिन डीएनए गायरेजवर. गायरेजमधल्या बदलाने क्लोरॅम्फेनिकॉलला काही फरक पडत नाही, पंप वाढला तर मात्र दोघांनाही पडतो. व्हॅन्कोमायसिन हा अवजड रेणू. धड पटलातून तो आत शिरत नाही आणि हा पंपही त्याला उचलत नाही. पीएबीएनसोबत व्हॅन्कोमायसिनचा असर दिसायला लागला तर पटल फाटलंय असं समजा.

मेरोपेनेम या प्लेटवर घालायचा मोह टाळा. पीएबीएन बीटा-लॅक्टम औषधांचा उपसा नीट अडवत नाही. शिवाय पटल जरा सैल झालं तरी त्यांची एमआयसी पडते. हाती येणारा आकडा कशाचा, ते सांगता येणार नाही. जेंटामायसिन-अमिकासिनचंही तसंच आहे. त्यांना उपसणारा मेक्स-एक्सवाय पंप पीएबीएनने भरवशाने थांबत नाही.

स्टॉक असे करा :

- पीएबीएन : १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. लहान लहान नळ्यांत उणे २० अंशाला ठेवा. एक नळी एकदाच वितळवायची.
- मॅग्नेशियम सल्फेट : १ मोलर. हेप्टाहायड्रेट मीठ असेल तर १० मिलिलिटरला २.४६ ग्रॅम.
- लिव्होफ्लॉक्सासिन आणि व्हॅन्कोमायसिन पाण्यात. लिव्होफ्लॉक्सासिन विरघळायला कुरकुर करत असेल तर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब, विरघळेपर्यंतच. नळीला फॉइल गुंडाळा, उजेड त्याला सोसत नाही.
- क्लोरॅम्फेनिकॉल इथेनॉलमध्ये, जेवढा जाड स्टॉक करता येईल तेवढा जाड, म्हणजे प्लेटमध्ये इथेनॉल कमी जातं. पहिल्या खळग्यात ते १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका.

पुण्या-मुंबईहून कुरिअरने येणारी पावडर मे महिन्यात एसटीच्या पार्सल ऑफिसात दुपारभर पडून राहते. पार्सल हाती आल्यावर पॅकमधला बर्फ वितळलेला होता की नव्हता, याची वहीत नोंद करा. कंट्रोल पुढे रेंजबाहेर गेला तर हीच नोंद पहिल्यांदा उघडावी लागते.

सावधान : स्यूडोमोनासचं सगळं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे घालून. वापरलेली प्रत्येक प्लेट टाकण्याआधी १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह.

## टप्पा ३ : पीएबीएनचा डोस ठरवणं

प्लेटमध्ये शेवटी ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पीएबीएन आणि १ मिलिमोलर मॅग्नेशियम ठेवायचं. मॅग्नेशियम पटलाला घट्ट धरून ठेवतं आणि पीएबीएनचा पटल सैल करण्याचा अवगुण आवरतं. ते न घालता निघालेले आकडे मी वाचतसुद्धा नाही.

तरी प्रत्येक आयसोलेटसाठी आधी एकट्या पीएबीएनची एमआयसी काढा, १ मिलिमोलर मॅग्नेशियमसह. वापरायचा डोस त्या एमआयसीच्या चौथ्या भागाहून जास्त असता कामा नये. जिवाणू इनहिबिटरनेच अर्धमेला झाला असेल तर कुठलंही औषध भारीच वाटणार.

‘पीएबीएन महाग आहे, सीसीसीपी वापरू का?’ हाही नेहमीचा प्रश्न. सीसीसीपी पंपाला धरत नाही, सगळ्या पेशीचा प्रोटॉनचा दाबच पाडतं. पंप थांबतो हे खरं, पण त्यासोबत पेशीची इतर कामंही थांबतात. त्यातून आलेली घट पंपाची म्हणणं धाडसाचं होईल. पैसे कमी असतील तर आयसोलेट कमी घ्या, इनहिबिटर बदलू नका.

## टप्पा ४ : तीन ब्रॉथ तयार करणं

सगळ्यात जास्त प्लेटा इथेच वाया जातात, म्हणून जरा सावकाश.

नेहमीची चूक अशी. विद्यार्थी पहिल्या खळग्यात औषध आणि पीएबीएन दोन्ही टाकतो आणि पुढे साध्या ब्रॉथमध्ये निम्मं-निम्मं करत जातो. औषध पातळ होतं तसं पीएबीएनही पातळ होतं. सहाव्या खळग्यात ५०चं दीड उरतं. मग एमआयसी घटत नाही आणि रिपोर्टमध्ये येतं, ‘पंप नाही’. इनहिबिटर प्रत्येक खळग्यात सारखाच हवा, म्हणजे तो औषधात नाही, पातळ करायच्या ब्रॉथमध्येच असायला हवा.

दुसरी चूक निम्मेपणाची. खळग्यात ५० मायक्रोलिटर औषधाचा ब्रॉथ आणि वर ५० मायक्रोलिटर जिवाणू पडतात. त्यामुळे ब्रॉथमध्ये सगळं दुप्पट घ्यायचं :

१. साधा ब्रॉथ : काही न घालता.
२. मॅग्नेशियम ब्रॉथ : १० मिलिलिटरमध्ये १ मोलर स्टॉकचे २० मायक्रोलिटर (२ मिलिमोलर).
३. पीएबीएन ब्रॉथ : १० मिलिलिटरमध्ये मॅग्नेशियमचे २० मायक्रोलिटर आणि पीएबीएन स्टॉकचे १०० मायक्रोलिटर (१०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर).

मॅग्नेशियमचा वेगळा ब्रॉथ कशाला? मॅग्नेशियमने लिव्होफ्लॉक्सासिनची एमआयसी स्वतःच थोडी वर जाऊ शकते. ‘पीएबीएनसह’ची तुलना ‘मॅग्नेशियमसह’शीच करायची असते, साध्याशी नाही. साधी ओळ ठेवायची ती कंट्रोलचा आकडा अधिकृत रेंजमध्ये आहे का हे बघायला. ती रेंज साध्या कॅटायन-ॲडजस्टेड ब्रॉथसाठी ठरलेली आहे.

## टप्पा ५ : प्लेट मांडणं

एका आयसोलेटला एक प्लेट.

- ए : लिव्होफ्लॉक्सासिन, साधा ब्रॉथ
- बी : लिव्होफ्लॉक्सासिन, मॅग्नेशियम
- सी : लिव्होफ्लॉक्सासिन, पीएबीएन
- डी : क्लोरॅम्फेनिकॉल, मॅग्नेशियम
- ई : क्लोरॅम्फेनिकॉल, पीएबीएन
- एफ : व्हॅन्कोमायसिन, मॅग्नेशियम
- जी : व्हॅन्कोमायसिन, पीएबीएन
- एच : कंट्रोल. तिन्ही ब्रॉथमध्ये औषधाविना जिवाणू, तिन्ही ब्रॉथ जिवाणूंविना, आणि एका खळग्यात १ टक्का इथेनॉलसह जिवाणू

लिव्होफ्लॉक्सासिन पहिल्या खळग्यात शेवटी ६४ हवं, बाराव्यात ते ०.०३ होतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि व्हॅन्कोमायसिन ५१२ पासून ०.२५ पर्यंत. म्हणजे पहिल्या खळग्यात जाणारं द्रावण दुप्पट ताकदीचं, १२८ आणि १,०२४, आणि तेही *त्या ओळीच्याच ब्रॉथमध्ये* केलेलं.

खळगा २ ते १२ मध्ये ओळीचा ब्रॉथ ५० मायक्रोलिटर. खळगा १ मध्ये औषधाचं द्रावण १०० मायक्रोलिटर. एकमधले ५० दोनमध्ये, चार-पाच वेळा वरखाली, दोनमधले ५० तीनमध्ये, असं बारापर्यंत. बारामधले शेवटचे ५० टाकून द्या. ओळ बदलली की टिप बदला. क्लोरॅम्फेनिकॉलच्या टिपने व्हॅन्कोमायसिनची ओळ सुरू केलेली प्लेट फेकावीच लागते.

तपासा : प्लेट डोळ्यांच्या पातळीवर तिरपी धरा. सगळ्या खळग्यांत पाण्याची उंची सारखी दिसली पाहिजे. एक खळगा बुटका दिसला तर त्याच्या पुढची सगळी ओळ चुकलेली आहे. ती ओळ पुन्हा लावा, मनात आकडा दुरुस्त करत बसू नका.

## टप्पा ६ : जिवाणू घालणं

१८ ते २४ तासांच्या ताज्या कॉलन्यांपासून सलाइनमध्ये ०.५ मॅकफरलँड करा. त्यातले १०० मायक्रोलिटर १४.९ मिलिलिटर साध्या ब्रॉथमध्ये, म्हणजे दीडशेपट पातळ. हे मिलिलिटरला साधारण दहा लाख पेशी देतं, आणि खळग्यात पडल्यावर निम्मं, म्हणजे ५ लाख. प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर, कमी औषधाकडून जास्त औषधाकडे. मॅकफरलँड केल्यापासून प्लेट अर्ध्या तासात पुरी व्हायला हवी.

लगेच पेशी मोजायचं काम करून टाका. कंट्रोल खळग्यातून १० मायक्रोलिटर १० मिलिलिटर सलाइनमध्ये, त्यातले १०० मायक्रोलिटर अगारवर. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास कॉलन्या हव्यात. ५०० आल्या तर प्लेटचे सगळे आकडे फुगलेले असणार. त्याच अगारवर शुद्धताही कळते.

## टप्पा ७ : उबवण

३५ अंश, १६ ते २० तास, प्लेटवर झाकण, एकावर एक चारपेक्षा जास्त रास नको.

आता सोलापूरची अडचण. साध्या इन्क्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की इन्क्युबेटर ३५ वर सेट केला तरी आतलं तापमान खोलीएवढंच राहणार, आणि पॅनेलवरचा दिवा नुसताच विझलेला दिसणार. कॉम्प्रेसर असलेला बीओडी इन्क्युबेटर वापरा. तो मोकळा नसेल तर काम जूनवर ढकला. आत कमाल-किमान थर्मामीटर ठेवा. रात्री लाइट गेली होती की नाही, हे सकाळी त्यावरूनच कळतं. कडेच्या खळग्यांतलं पाणी उडू नये म्हणून प्लेट झाकणाच्या डब्यात, ओल्या टिश्यूसोबत ठेवा.

## टप्पा ८ : वाचन

आधी एच ओळ. पीएबीएनमधली वाढ साध्या ब्रॉथमधल्या वाढीइतकीच गढूळ असेल तरच पुढे वाचा. ती पातळ दिसली तर टप्पा ३ कडे परत. इथेनॉलच्या खळग्यालाही हाच नियम.

मग २७८५३ च्या प्लेटची ए ओळ. लिव्होफ्लॉक्सासिनची एमआयसी ०.५ ते ४ मध्ये हवी. बाहेर असेल तर त्या दिवसाचं काहीच ग्राह्य नाही.

मग एफ आणि जी. दोन्हींत सगळे खळगे गढूळ असतील तर पटल शाबूत आहे. जी ओळीतले सुरुवातीचे खळगे स्वच्छ झाले तर पटल गळतंय. अशा आयसोलेटला डोस निम्मा करून पुन्हा लावा, सी आणि ईचे आकडे वापरू नका.

स्यूडोमोनास खळग्यात हिरवा रंग सोडतो. रंग म्हणजे वाढ नव्हे. प्लेट काळ्या कागदावर धरून तळाशी गाळ किंवा धूसरपणा आहे का ते बघा. वरच्या थराला पातळ साय धरलेली असेल तर ती वाढच. शंका असेल तर खळगा टिपने हलवून परत बघा.

## टप्पा ९ : निष्कर्ष, एक उदाहरण सोडवून

समजावण्यासाठी मांडलेले, पण नेहमी दिसतात तसले आकडे घेऊ. आधी ‘मॅग्नेशियमसह’, मग ‘पीएबीएनसह’.

- कंट्रोल २७८५३ : लिव्होफ्लॉक्सासिन १ → ०.१२, क्लोरॅम्फेनिकॉल ६४ → ८
- आयसोलेट ‘अ’ : लिव्होफ्लॉक्सासिन ३२ → ४, क्लोरॅम्फेनिकॉल ६४ → ८
- आयसोलेट ‘ब’ : लिव्होफ्लॉक्सासिन ४ → ०.१२, क्लोरॅम्फेनिकॉल ५१२ → १६

‘अ’ मध्ये लिव्होफ्लॉक्सासिन आठपट घटलं. सुरुवातीला सांगितलेलं वाक्य इथेच लिहिलं जातं. पण कंट्रोलकडे बघा, तोही आठपटच घटलाय, आणि तो तर संवेदनशील आहे. म्हणजे ‘अ’ मधला पंप कंट्रोलच्या पंपाएवढाच काम करतोय. क्लोरॅम्फेनिकॉल त्याची साक्ष देतं, त्याचे आकडे कंट्रोलशी तंतोतंत जुळतात. पंप थांबवल्यावरही ‘अ’ ४ वर थांबला, कंट्रोल ०.१२ वर. ही बत्तीसपट तफावत पंपाची नाही, गायरेजची असण्याची शक्यता दाट आहे. जीवायआर-ए जीनमध्ये ८३ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलंय का, ते सिक्वेन्स करून बघायचं. अँटिबायोग्राममध्ये फक्त फ्लुओरोक्विनोलोन प्रतिकारक होतं, म्हणजे कागदानेही हेच सांगितलं होतं.

‘ब’ ची एमआयसी फक्त ४ आहे, ‘अ’ पुढे किरकोळ वाटावी अशी. पण पंप थांबताच तो थेट कंट्रोलच्या ०.१२ वर येऊन टेकतो. घट बत्तीसपट, कंट्रोलची आठपट. क्लोरॅम्फेनिकॉलही बत्तीसपट घटून कंट्रोलच्या एका पायरीच्या आत आलं. दोन वेगळ्या जागी काम करणारी औषधं एकाच रेणूने पूर्वपदावर येतात, तेव्हा कारण सामाईक आहे. प्रतिकारशक्तीचा जवळपास सगळा वाटा इथे पंपाचा.

पंपाचा स्वभावच इथे दिसतो. एकटा पंप एमआयसी आभाळाला नेत नाही, उंबरठा ओलांडण्याइतपत वर ढकलतो, पण अनेक औषधांची एकदम. लिव्होफ्लॉक्सासिन ३२ किंवा ६४ दिसलं की पंपाच्या जोडीला दुसरं काही असल्याचं गृहीत धरा. एखादा आयसोलेट लिव्होफ्लॉक्सासिनला ६४ → ४ आणि क्लोरॅम्फेनिकॉलला ५१२ → १६ देईल, तेव्हा दोन्ही कारणं एकत्र आहेत.

तेव्हा *किती पटीने घटली* यावर थांबू नका. *घटून कुठे थांबली, आणि कंट्रोल कुठे थांबला* हे शेजारी लिहा.

वाचताना तीन कुंपणं पाळा. दुपटीचा फरक चाचणीच्या चुकीतच मोडतो, तो मोजू नका. चौपट किंवा जास्त घट, आणि तीही वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या प्लेटांत सारखी, तेव्हाच बोला. मूळ एमआयसी प्लेटच्या बाहेर, म्हणजे ६४ हून जास्त असेल तर पट काढता येत नाही. ६४ धरून भागाकार करू नका, श्रेणी वाढवून पुन्हा लावा. आणि अतिशय वाढलेला पंप ५० मायक्रोग्रॅमने पुरता थांबतोच असं नाही, त्यामुळे उरलेली तफावत ‘पंपाची अजिबात नाही’ असं छातीठोक लिहू नका.

## टप्पा १० : रिपोर्टमध्ये काय लिहायचं

ही प्लेट पंपाचं नाव सांगत नाही. मेक्स-एबी, मेक्स-सीडी आणि मेक्स-ईएफ हे तिन्ही लिव्होफ्लॉक्सासिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल उपसतात. मेरोपेनेम वर आणि इमिपेनेम जागेवर असेल तर कल मेक्स-एबीकडे. इमिपेनेमही वर असेल तर मेक्स-ईएफ मनात ठेवा, कारण ज्या बदलाने तो पंप वाढतो त्यानेच ओपीआर-डीचं दार कमी होतं. नाव लिहायचंच असेल तर आरएनए काढून क्यूपीसीआर करा. आरपीएस-एलच्या तुलनेत मेक्स-बी पीएओ-१ स्ट्रेनच्या किमान तिप्पट दिसला तर तो वाढलेला धरायची पद्धत आहे. बाकीच्या पंपांसाठी दहापटीची रेघ आखतात.

पेशंटच्या रिपोर्टवर पीएबीएनसहची एमआयसी कधीही जाऊ देऊ नका. संवेदनशील-प्रतिकारकच्या रेघा साध्या ब्रॉथसाठी आहेत. पीएबीएन हे औषध नाही, विषारी असल्यामुळे ते माणसाला देतच नाहीत. ‘इनहिबिटरसह ०.१२, म्हणजे संवेदनशील’ असं कोणी वाचून लिव्होफ्लॉक्सासिन सुरू केलं तर ते काम करणार नाही.

‘ब’ साठी मी असं लिहीन : ‘१ मिलिमोलर मॅग्नेशियमच्या उपस्थितीत ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पीएबीएनने लिव्होफ्लॉक्सासिनची एमआयसी ४ वरून ०.१२ आणि क्लोरॅम्फेनिकॉलची ५१२ वरून १६ वर आली. एटीसीसी २७८५३ मध्ये हीच घट अनुक्रमे १ वरून ०.१२ आणि ६४ वरून ८ होती. व्हॅन्कोमायसिनच्या एमआयसीत बदल नाही. पीएबीएनने अडणाऱ्या उपशाचं वाढलेलं प्रमाण या निकालांशी जुळतं. पंपाची ओळख पटवलेली नाही.’

आयसोलेट ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला ठेवा आणि नळीवर कितव्या सबकल्चरनंतर ठेवला ते लिहा. महिनोन्महिने फ्रीजमधल्या स्लँटवरून स्लँटवर उतरवत राहिलेला आयसोलेट क्यूपीसीआरला पाठवलात, तर प्लेटवर तपासलेला जिवाणू आणि नळीतला जिवाणू एकच आहे याची खात्री उरत नाही.